शून्य आलं म्हणून पेढे

देवकीबाई धोटे रोज सकाळी ऑफिसात आल्यावर आधी पिशवी ठेवायच्या, मग खुर्चीत बसायच्या आणि कामाला हात लावायच्या आधी खुर्चीसकट एक पूर्ण गोल फिरून घ्यायच्या. कोपर कपाटाला लागत नाही, गुडघा टेबलाला लागत नाही, मागची पिशवी चाकात येत नाही, एवढं बघून झालं की त्यांचा दिवस सुरू व्हायचा. त्या खोलीतली एकही वस्तू कित्येक वर्षांत जागची हललेली नव्हती. तरी हा गोल चुकत नसे. नवीन आलेली पोरं हसायची. कोणी विचारलंच तर त्या म्हणायच्या, "जे फिरते ते फिरवून पाहावं. नुसतं पाहून कळत नाही."

हिंगण्याच्या एमआयडीसीतला तो छोटा कारखाना. पुढे पत्र्याची शेड, मागे जिना, जिन्यावर डिझाइनची खोली. संत्री धुवायची, ब्रशनं पुसायची आणि लहान-मोठी वेगळी करायची मशिनं इथं बनत. वरच्या खोलीत तरुण पोरं कॉम्प्युटरवर मशीन काढत, सुटे भाग जोडून पडद्यावर अख्खं मशीन उभं करत. त्याला सगळे असेंब्ली म्हणत. ती असेंब्ली देवकीबाईंच्या पडद्यावर आली की त्या तपासत, कुठला भाग दुसऱ्या भागात घुसतोय का, आणि घुसत नसला तरी दोघांत पुरेशी जागा आहे का. त्यांचं नाव खाली लागलं की पत्रा लेझर कटिंगला जाई. पत्रा एकदा कापला गेला की तो पुन्हा शिवता येत नाही, हे त्या सगळ्यांना सांगत. कापडाचं उदाहरण त्यांनी स्वतःच्या शिवणाच्या फजितीतून उचललं होतं, पण तेवढं त्या सांगत नसत.

घुसण्याला ऑफिसात 'क्लॅश' म्हणत. मालक सुशीलसर पुण्याला कुठलंसं दोन दिवसांचं शिबिर करून आले आणि त्यांनी भिंतीवर पांढरा फळा लावला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'क्लॅश = ०'. ज्याच्या असेंब्लीत शून्य क्लॅश येईल त्याचं नाव फळ्यावर, आणि सगळ्यांना पेढे. लहानसहान कामांना आता देवकीबाईंची सही नको, ज्यानं काढलं त्यानंच तपासायचं, हेही ठरलं. फळा लागल्यापासून फळ्यावर नावंच नावं. खालच्या शेडमध्ये लोखंड घासायच्या ग्राइंडरच्या चकत्या मात्र कधी नव्हत्या एवढ्या संपू लागल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं सुशीलसरांच्या मनात आलं नव्हतं. ते चकत्या विकणाऱ्याशी भाव करत होते.

दिवाळीच्या सुट्या लागायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. काटोलचे व्यापारी गणपतराव कोहळे यांचं मोठं मशीन त्या दिवशी कटिंगला जायलाच हवं होतं. लेझरवाला संध्याकाळी कुलूप लावून गावाला जाणार, तो पाडव्यानंतरच उगवणार. तोवर आंबिया बहाराची संत्री बाजारात आलेली असणार. गणपतरावांनी स्पष्ट सांगितलं होतं, माल आल्यावर मशीन आलं तर ते मशीन तुम्हीच पुसत बसा.

आदल्या संध्याकाळी सुशीलसर देवकीबाईंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले होते.

"मॅडम, एक गोष्ट बोलायची होती. हे मशीन उद्या गेलं पाहिजे. पोरं म्हणतात सगळं तुमच्या टेबलावर येऊन अडते. हेही अडलं, तर पुढच्या महिन्यापासून मोठी मशिनंही पोरंच तपासतील. तुम्ही खरेदीकडे बसा. तिकडे काम पण हलकं आहे."

"हलकं काम मले जड जाते, सर," देवकीबाई म्हणाल्या. सर हसले, पण बोललेलं परत घेतलं नाही.

घरी जाताना मेट्रोत त्या खिडकीशी बसल्या आणि खरेदीच्या टेबलाचा विचार करत राहिल्या. तिथं दिवसभर फोन, मोलभाव, आणि एकही गोष्ट फिरत नाही. लोकमान्य नगरपासून सीताबर्डीपर्यंत त्यांना बाहेरचं काही दिसलं नाही.

तर त्या दिवशी सकाळी असेंब्ली आली. काढणारा हर्षित, कॉलेजातून वर्षापूर्वी बाहेर पडलेला, चश्मा सतत नाकावरून घसरणारा. अख्खं मशीन त्याचं पहिलंच. त्यानं स्वतःच तपास चालवून पाहिला आणि पडद्यावर क्लॅश दाखवणारा एकही लाल ठिपका उमटला नाही. शून्य.

पंधरा मिनिटांत पेढे आले. सुशीलसरांनी फळ्यावर हर्षितचं नाव लिहिलं, खाली रेघ मारली. गणपतराव काटोलहून सकाळच्याच बसनं आले होते. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, हातात संत्र्यांची पिशवी. त्यांना खास बोलावलं होतं, मशीन कसं निर्दोष आहे ते पडद्यावर बघायला. त्यांनी दोन पेढे खाल्ले आणि तिसरा नातवासाठी म्हणून रुमालात बांधला.

फक्त देवकीबाईंनी पेढा घेतला नाही. त्या पडद्याकडे बघत होत्या, चेहरा असा की घरी कोणी आजारी असावं.

"काय झालं, मॅडम?" सुशीलसर म्हणाले. "शून्य आलंय."

"तेच तर."

"तेच तर म्हणजे?"

"एवढ्या मशीनला शून्य येत नाही, सर. लाल पाहिजे. भरपूर लाल पाहिजे."

सुशीलसरांनी गणपतरावांकडे बघून दात दाखवले. गणपतरावांना वाटलं हा काही थट्टेचा भाग आहे, तेही हसले.

देवकीबाईंनी हर्षितला जवळ बोलावलं. "याच्यात बोल्ट कुठे आहेत रे?"

हर्षितनं चश्मा वर सारला. "आहेत मॅडम."

"मले काहून नाही दिसत?"

"सप्रेस केलेत. म्हणजे... बंद. एवढे बोल्ट चालू ठेवले की माझा पीसी हँग होऊन राहिला. आणि चालू ठेवले की लालच लाल येते. मग तपासले कसे म्हणायचे."

"आणि बंद कर म्हणून तुले सांगितलं कोणी?"

हर्षितनं फळ्याकडे बघितलं. देवकीबाईंनीही बघितलं. सुशीलसर तेवढ्यात खिडकीबाहेर काहीतरी बघू लागले.

बंद केलेला भाग कॉम्प्युटरच्या लेखी नसतोच. नसलेला बोल्ट कशाला घासणार? लग्नाला बोलावलंच नाही तो भांडेल कसा? देवकीबाईंनी एकेक फोल्डर उघडून सगळे बोल्ट, नट, वॉशर आणि त्यांच्यासोबतच बंद केलेली बेअरिंगं चालू केली. कॉम्प्युटरनं दीर्घ विचार केला. पंखा घरघरला. मग त्यांनी तपास पुन्हा चालवला आणि मशीन या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल झालं. गोवर आल्यासारखं.

गणपतराव खुर्चीतून अर्धे उठले. "बाई, माह्या मशीनले काय झालं?"

"काही नाही झालं, काका. बसा तुम्ही."

"अवो, लाल होऊन राहिलं ना ते. आत्ता तर चांगलं होतं."

सुशीलसर कपाळाला हात लावून उभे राहिले. गिऱ्हाइकाला बोलावलं शून्य दाखवायला, आणि बाईंनी शेकडो काढून दिले. "मॅडम," ते दबक्या आवाजात म्हणाले, "हे नंतर नसतं का करता आलं?"

"नंतर म्हणजे पत्रा कापल्यावर?"

देवकीबाईंनी गणपतरावांची खुर्ची आपल्या टेबलाजवळ ओढून घेतली. माणूस घाबरलाय तर आधी त्याला समजावावं, काम पाच मिनिटं उशिरा होईल, अशी त्यांची रीत होती. उशीर बहुधा तिथूनच व्हायचा.

"हे पाहा काका. बोल्टला आटे असतात, भोकालाही असतात. आटे एकमेकांत बसतात. पण पडद्यावर आम्ही आटे काढत नाही, नुसता गोल दांडा काढतो. भोक काढतो ते आटे पाडायच्या आधीचं, म्हणजे जरा बारीक. मग जाड दांडा बारीक भोकात दिसला की हा बिचारा ओरडते, घुसला घुसला. खरंतर तो घुसायलाच आहे."

"म्हणजे खोटं रडणं," गणपतराव म्हणाले.

"लेकरू भूक नसतानाही रडते ना, तसं."

"मग त्याले सांगा ना, चूप बस म्हणून."

"तेच हर्षितनं केलं. तोंड बांधलं त्याचं. मग खरी भूक लागल्यावर कसं कळणार?"

गणपतराव हर्षितकडे वळले आणि त्यांनी मान हलवली, कोणी खरोखरच लेकराचं तोंड बांधलं असावं अशी.

देवकीबाई कामाला लागल्या. आट्यांचे लाल ठिपके त्यांनी एकेक आकार बघून बाजूला काढले. आट्यांतली घुसखोरी सगळी सारख्या जाडीची, बांगडीसारखी गोल, ती त्यांना लांबूनही ओळखू येई. मग बेअरिंगं. शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, बेअरिंग ठोकूनच बसवायचं असतं, म्हणून शाफ्ट त्याच्या भोकाहून केसाएवढाही नाही, पण जाडच ठेवतात. तेही लाल, तेही बरोबर. जेवणाची वेळ झाली तेव्हा यादीत काहीच उरलं नव्हतं.

"म्हणजे शून्यच," सुशीलसर म्हणाले. त्यांच्या आवाजात जीव आला. "मॅडम, फिरून तिथंच आलो. घ्या पेढा."

हर्षितनंही श्वास सोडला. लेझरवाल्याचा फोन दोनदा येऊन गेला होता. आता नाव लावायचं, फाइल पाठवायची, संपलं. खरेदीच्या टेबलाचं कोणी बोलणारही नाही. देवकीबाईंनी माउसवर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं.

पडद्यावरचं मशीन निमूट उभं होतं. सगळी झाकणं बंद, सगळी दारं बंद. फोटो काढायला उभं केल्यासारखं.

"हर्षित, हे ब्रशवरचं झाकण कुठवर उघडते?"

"पूर्ण, मॅडम. मागे जाऊन चेनच्या गार्डवर टेकते."

"उघड."

"बंद असतानाच तपासलं मी."

"बंद झाकण कोणाले लागणार आहे, बेटा?"

सुशीलसर मध्ये पडले. "मॅडम, ते झाकण बंदच राहते. चालू मशीनमध्ये कोण उघडते?"

"काहून बंद राहीन?" गणपतराव म्हणाले. आता त्यांना या प्रकरणात रस वाटू लागला होता. "आमच्या मालात पाला येते, काड्या येतात. दिवसातून चारदा मशीन थांबवून उघडाच लागते. आमचा गडी तर धाडकन उघडते, त्याले सावकाश हा शब्दच माहीत नाही."

हर्षितनं झाकण पकडून हळूहळू मागे फिरवलं. अर्ध्यावर काही नाही. पाऊण उघडलं, काही नाही. शेवटी, गार्डला टेकायच्या जरा अलीकडे, एक छोटा लाल ठिपका उमटला. झाकणाच्या हँडलची एक टांग, गार्डच्या एका नटावर. चार मिलिमीटर आत.

 बोल्ट बंद असते तर तिथं नटच नव्हता. झाकण बंद असतं तर तिथं हँडल नव्हतं. दोन्ही मिळून मशीन काटोलला पोचलं असतं आणि गणपतरावांच्या गड्यानं धाडकन झाकण उघडलं असतं.

"नट उडला असता," हर्षित म्हणाला.

"नट उडला असता, गार्ड ढिला झाला असता, आणि गार्डच्या मागे चेन," देवकीबाई म्हणाल्या.  गणपतरावांनी आपल्याच बोटांकडे बघितलं.

खाली शेडमधून लहानू वर आला होता, त्याला कोणी बोलावलं नव्हतं. लहानू मेश्राम जुना फिटर, मशिनं जोडणारा. वरच्या खोलीत पेढे असले की त्याला खालीच कळे. त्यानं पेढा तोंडात टाकला, पडद्याकडे बघितलं आणि तोडगा सांगून टाकला.

"एवढंच ना? पाठवा खाली. ग्राइंडरनं नट अर्धा उडवतो."

"अर्धा नट कसा कसशील?"

"मंग हँडलच उडवतो."

"आणि झाकण काहाले धरून उघडायचं?"

"बाई, तुम्ही सारंच वरच्या वर ठीक करून टाकता. आमच्या ग्राइंडरले काही कामच ठेवत नाही," लहानू म्हणाला आणि आणखी एक पेढा उचलला.

"ठेवत नव्हते," देवकीबाई म्हणाल्या. "आता फळ्यानं दिलं ना भरपूर."

सुशीलसरांनी लहानूकडे बघितलं. "किती चकत्या जातात रे आजकाल?"

"सर, ज्या मशीनवर शून्य लिवलं असते ना, त्याले सगळ्यात जास्त," लहानू अगदी निर्मळ मनानं म्हणाला.

सुशीलसर फळ्याजवळ जाऊन उभे राहिले. फळ्यावरची नावं ते बोट ठेवून मोजू लागले.

इकडे लेझरवाल्याचा तिसरा फोन. बाकीचा पत्रा आधी पाठवू, झाकण मागून, असं सर म्हणाले. देवकीबाईंनी नकार दिला. काय बदलायचं हे ठरल्याशिवाय कोणता पत्रा बदलेल हे कसं सांगणार? झाकणाचा बदलेल, गार्डचा बदलेल, की दोन्ही?

हर्षितला एक सुचलं. बोल्ट उलटा घालायचा. नट आत, डोकं बाहेर. डोकं नटाहून बुटकं, टोकही बाहेर येत नाही. त्यानं करून दाखवलं. लाल गेलं. दोघांमधली जागा मोजली तर दोन मिलिमीटर.

"लागत तर नाही," तो म्हणाला.

"पडद्यावर लागत नाही. पत्रा वाकवताना इकडेतिकडे होते, वेल्डिंगनं ओढला जाते, वरून रंगाचा थर. हलणाऱ्या दोन भागांत दहा तरी ठेवायचे. आणि नट आत गेला, तो कसायचा कसा?"

त्यांनी एक फाइल उघडून पडद्यावर पाना आणला. खऱ्या मापाचा पाना, त्यांनी स्वतः काढून ठेवलेला. तो नटावर बसवून फिरवला. जेमतेम थोडा फिरला आणि चेनच्या चाकावर जाऊन आदळला.

"जागाच नाही," हर्षित म्हणाला. मग थोडं थांबून, "हँडलच सरकवलं तर? झाकणात दोनच भोकं आहेत त्याची."

"सरकव ना मग."

त्यानं घाईत हँडल पन्नास मिलिमीटर डावीकडे नेलं. झाकण उघडलं. एक टांग सुटली आणि दुसरी टांग शेजारच्या नटावर जाऊन बसली. लहानू खो खो हसला. गणपतराव म्हणाले, "आमच्या गावच्या एसटीसारखं झालं. एका शिटावरून उठून दुसऱ्याच्या मांडीवर."

"अर्धंच सरकव," देवकीबाई म्हणाल्या.

पंचवीस. दोन्ही टांगा नटांपासून तेरा मिलिमीटर दूर. देवकीबाईंनी झाकण बंद करून तपासलं, अर्धं उघडून तपासलं, पूर्ण उघडून तपासलं. हँडल नव्या जागी आल्यावर धरणाऱ्याची बोटं कुठे लागतात का तेही बघितलं. बदलला फक्त झाकणाचा पत्रा. फाइल गेली तेव्हा लेझरवाला शटर अर्धं ओढून उभा होता. त्यानं सुशीलसरांना फोनवर जे ऐकवलं ते सरांनी स्पीकरवर घेतलं नाही. पण पत्रा मशीनवर चढल्याचा फोटो त्यानं पाठवला.

गणपतराव निघायला उठले. रुमालातला पेढा सोडून त्यांनी तो देवकीबाईंच्या टेबलावर ठेवला. "घ्या बाई, तुम्ही खाल्ला नाही. आता तर आलं ना शून्य?"

"नाही काका. शेकडो आहेत. पण सगळे ओळखीचे आहेत."

गणपतरावांना ते पूर्ण कळलं नसावं, पण ओळखीच्या माणसांत मशीन आहे हे ऐकून त्यांना बरं वाटलं. संत्र्यांची पिशवी तिथंच ठेवून ते जिना उतरले.

सुशीलसरांनी डस्टर घेऊन फळ्यावरचं 'क्लॅश = ०' पुसलं. तिथं दुसरं काय लिहावं हे त्यांना सुचेना. पेन हातात घेऊन ते देवकीबाईंकडे वळले.

"मॅडम, लहान कामं पण सोमवारपासून... म्हणजे दिवाळीनंतर... तुमच्याकडेच येऊ द्या."

"आणि खरेदी?"

"खरेदी मी पाहतो. चकत्या कमी घ्यायच्या आहेत तशाही."

"अडलं तर?"

"अडू द्या," सर म्हणाले आणि पेनाचं टोपण लावून खाली गेले.

हर्षित आपल्या खुर्चीत बसून राहिला होता. फळ्यावर त्याचं नाव तसंच होतं, वरचं शून्य मात्र गेलेलं. "मॅडम, माझं नाव पुसू का?"

"राहू दे. हँडल तूच सरकवलं ना. आणि तो पीसी बदलून माग सरांना. आज मागितला तर देतील, उद्या विसरतील."

तो खाली पळाला. जिन्यावर त्याचा चश्मा पडल्याचा आवाज आला, मग उचलल्याचा.

देवकीबाईंनी कॉम्प्युटर बंद केला. खिडकीबाहेर एमआयडीसीच्या रस्त्यावर सुटीला निघालेल्या माणसांच्या सायकली, स्कूटी, त्यांच्या हँडलला लोंबणारी मिठाईची खोकी. कुठल्यातरी शेडमध्ये अजून एक हातोडा वाजत होता, मग तोही थांबला. त्यांनी पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला. दिवसभर पडून जरा कडक झाला होता. दोन संत्री पिशवीत टाकली. फोन वाजला, घरून.

"हो, निघालीच आता. भरताची वांगी मी बर्डीवरून आणते, तुम्ही कांदे चिरून ठेवजा. आणि गॅसवरचं दूध पाहा, उतू गेलं नाही ना?"